नॉमिनी कोण आणि मालक कोण?



मी वकील नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. पण आमच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून चार वर्षं काम करतोय आणि त्या खुर्चीवर बसलं की माणसाच्या मृत्यूनंतरची कागदपत्रं समोर येतात. घरातला कर्ता माणूस गेला की चाळिसाव्याच्या आत-बाहेर कुणीतरी फाइल घेऊन दारात उभं राहतं आणि म्हणतं, "भाई, अब्बांनी मला नॉमिनी केलंय, आता फ्लॅट माझ्या नावावर करून द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज संयोजकांनी विषय विचारला तेव्हा वेगळा शोधावा लागला नाही.

तर सरळ मुद्द्यावर येतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसा किंवा फ्लॅट सुपूर्द केला जातो, तो त्याने वारसांसाठी सांभाळायचा असतो. वारस कोण आणि कुणाचा हिस्सा किती, हे नॉमिनेशनचा फॉर्म ठरवत नाही. ते मृताला लागू असणारा वारसा कायदा ठरवतो. मुसलमानाच्या बाबतीत बहुतेक वेळा तो शरियत कायदा असतो.

आता कुणी म्हणेल, मग बँक फॉर्म भरून घेतेच कशाला? बँकेच्या सोयीसाठी. हे कडू वाटेल, पण कायद्याची रचनाच तशी आहे. बँकेकडे दहा लाखांची ठेव आहे आणि ठेवीदार वारला. बँकेला त्याची बायको माहीत नाही, मुलं किती ते माहीत नाही, दुसरं लग्न होतं की नव्हतं तेही माहीत नाही. तिला फक्त एक माणूस हवा असतो, ज्याला पैसे दिले की ती मोकळी. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ झेडए मध्ये ही व्यवस्था आहे. त्यात भाषा मोठी दणदणीत आहे: इतर सर्वांना वगळून नॉमिनीला ठेवीचे सर्व अधिकार मिळतील. लोक इथेच थांबतात. त्याच कलमात पुढे म्हटलंय की ज्याला पैसे दिले त्याच्याविरुद्ध इतर कुणाचा हक्क किंवा दावा असेल, तर त्याला या तरतुदीने बाधा येत नाही. म्हणजे "इतरांना वगळून" हे बँकेच्या काउंटरपुरतं आहे. काउंटर ओलांडून नॉमिनी बाहेर आला की वारस त्याच्याकडे हिस्सा मागू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट बऱ्याच आधी स्पष्ट केली आहे. विमा पॉलिसीबाबत १९८३ मध्ये सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात, बँक ठेवीबाबत २०१० मध्ये राम चंदर तलवार यांच्या खटल्यात, आणि कंपनीच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध साळगावकर या खटल्यात. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच, की नॉमिनेशन हा वारसा हक्काचा तिसरा मार्ग नाही. मालमत्ता एक तर मृत्युपत्राने जाते, नाही तर वारसा कायद्याने. विम्याचा मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर त्याला लाभाचा हक्कही मिळेल असं विमा कायद्यात लिहिलं गेलं. त्याचा अर्थ नेमका किती व्यापक यावर न्यायालयांत एकमत नाही, म्हणून विमा मी आज बाजूला ठेवतो. आपण फ्लॅट आणि ठेव एवढंच बघू.

फ्लॅटची गोष्ट महाराष्ट्रात २०१९ पासून जास्त स्वच्छ झाली. सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि त्यात कलम १५४ बी-१३ आहे. सदस्य वारला तर सोसायटीने त्याचा हिस्सा मृत्युपत्र, वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट किंवा वारसांनी मिळून केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे वर्ग करायचा, किंवा नॉमिनीच्या नावे. पण पुढे स्पष्ट परंतुक आहे: कायदेशीर वारस सदस्य म्हणून दाखल होईपर्यंत नॉमिनीला "तात्पुरता सदस्य" म्हणून घ्यायचं. हा "तात्पुरता" शब्द मी आमच्या सोसायटीच्या ठरावात जाड अक्षरात टाइप करतो. मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावे काढायचं, सभेची नोटीस कुणाला द्यायची, गळतीची तक्रार कुणी करायची, एवढ्यासाठी सोसायटीला एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे नॉमिनी.

याच्या आधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंद्राणी वाही यांच्या खटल्यात सांगितलं होतं की सोसायटीने नॉमिनीच्या नावे शेअर वर्ग केलेच पाहिजेत. तो निकाल पश्चिम बंगालच्या कायद्यावरचा. त्याची अर्धी बातमी व्हॉट्सअॅपवर फिरली आणि "नॉमिनीच मालक" असा समज पसरला. त्याच निकालात इतर वारसांना आपला हक्क योग्य न्यायालयात मागायची मोकळीक ठेवली होती, ते फॉरवर्ड करणाऱ्याने वाचलं नसावं.

माझ्या धंद्यातल्या लोकांना मी असं सांगतो: सर्व्हरचा अॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे म्हणजे कंपनी तुमची होत नाही. पासवर्ड असणं गरजेचं आहे, नाही तर कुणालाच आत जाता येत नाही. पण आतल्या डेटाचा मालक वेगळा. असो, उपमा फार ताणत नाही.

आता एक घर घेऊन सगळं नीट मोजू. घर खरं आहे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे मोजायला सोपे केले आहेत.

एक गृहस्थ वारले. सुन्नी हनफी कुटुंब. मागे राहिले: त्यांची आई, बायको, एक मुलगा आणि दोन मुली. वडील आधीच गेलेले. थोरली मुलगी लग्न होऊन सासरी, धाकटी सतरा वर्षांची. मालमत्ता दोन गोष्टींची. एक फ्लॅट, बाजारभाव ९६ लाख, नॉमिनी मुलगा. आणि एक मुदत ठेव, १० लाख ६० हजार, नॉमिनी बायको. अब्बांच्या मनात हिशेब साधा होता: घर मुलाला, पैसे बायकोला, मुलींचं लग्नात करायचं ते केलं किंवा करू. अनेक घरांत हाच हिशेब असतो. त्यांनी तो नॉमिनेशनच्या फॉर्मवर लिहिला आणि आपण वाटणी करून ठेवली असं समजून निश्चिंत झाले.

वाटणी झालेलीच नव्हती. शरियतमध्ये क्रम असा आहे: आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि मग वारसांचे हिस्से. कर्जात एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे न दिलेली मेहेर. बायकोची बाकी मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. ते वारसाच्या हिश्शाच्या आधी आणि त्याच्याशिवाय वेगळं मिळतं. या घरात निकाहनाम्यावर ५१ हजार मेहेर होती, कधी दिली गेली नव्हती. हॉस्पिटलचं देणं ४९ हजार होतं. दोन्ही मिळून एक लाख. ते ठेवीतून गेले, उरले ९ लाख ६० हजार.

आता हिस्से. मुलं आहेत म्हणून बायकोला एक अष्टमांश. आईला एक षष्ठांश. उरलेलं मुलगा आणि मुली यांच्यात दोनास एक या प्रमाणात. सगळ्यांसाठी समान छेद घेतला तर ९६ येतो. ९६ पैकी बायकोचे १२, आईचे १६, मुलाचे ३४, प्रत्येक मुलीचे १७. बेरीज करून बघा, ९६ भरतात. फ्लॅट ९६ लाखांचा धरला आहे तो यासाठीच: अम्मीचे १२ लाख, दादीचे १६ लाख, मुलाचे ३४ लाख, दोन्ही मुलींचे १७-१७ लाख. ठेवीतही तेच प्रमाण: अम्मीला १ लाख २० हजार, दादीला १ लाख ६० हजार, मुलाला ३ लाख ४० हजार, मुलींना प्रत्येकी १ लाख ७० हजार.

मुलगा म्हणाला, "पण नॉमिनी तर मी एकटा आहे." आणि अम्मीचा प्रश्न त्याहून अवघड होता. त्या म्हणाल्या, "बेटा, बँकेने चेक माझ्या नावाने दिलाय. मग हे पैसे माझे नाहीत?" चेक त्यांच्या नावाचा असणं बरोबरच होतं. बँकेने दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र घेतलं आणि पैसे दिले. नॉमिनी असला की सक्सेशन सर्टिफिकेट लागत नाही. हा नॉमिनेशनचा खरा फायदा आहे आणि तो मोठा आहे. पण त्या पैशांतले सव्वा लाखाला पाच हजार कमी, अधिक मेहेर, एवढेच त्यांचे. नवऱ्याच्या जाण्याने खचलेल्या बाईला हे सांगणं सोपं नाही. एकीकडे फॉर्मने तिला वाटायला लावलं की सगळं तुझं, दुसरीकडे कायद्याने एक अष्टमांश हातात ठेवला. यातला एक अष्टमांश न्याय्य आहे का, यावर आपल्या चळवळीत खूप बोललं गेलंय, पुढेही बोलू. पण आज लागू असलेला हिशेब हा आहे आणि तो माहीत नसल्याने नुकसान बाईचंच होतं.

ठेवीचं वाटप महिन्याभरात झालं. फ्लॅटचं अडलं. मुलगा तात्पुरता सदस्य झाला, शेअर सर्टिफिकेटवर नोंद झाली आणि एका ब्रोकरने त्याच्या कानात सांगितलं की नॉमिनी तूच आहेस, विकून मोठा घे. गिऱ्हाईकही आलं. ते कर्ज काढून घेणार होतं, म्हणून त्याच्या बँकेच्या वकिलाने कागद तपासले आणि पहिल्याच पत्रात विचारलं: मूळ मालकाच्या बाकी वारसांची हक्कसोड पत्रं कुठे आहेत? व्यवहार तिथेच थांबला. नॉमिनीच्या नावावरचा फ्लॅट मालकीचा नाही हे ओळखायची हीच सगळ्यात व्यवहारी खूण. कर्ज देणारी बँक त्यावर पैसे लावत नाही. रोखीने घेणारा एखादा सापडतोही, पण तो घेतो ते वारसांच्या दाव्यासकट.

मग ठरलं की सगळ्यांनी बसून हक्कसोड करायची. थोरली मुलगी आपला हिस्सा सोडायला तयार नव्हती आणि का असावी? पण अम्मी हयात असेपर्यंत घर विकायचं नाही, सगळ्यांची नावं लागू देत, यावर तिची संमती होती. अडचण धाकटीची. ती सतरा वर्षांची. अज्ञान मुलीच्या वतीने तिची आई सही करेल असं सगळ्यांना वाटलं. मुस्लिम कायद्यात आई मुलांचा सांभाळ करते, पण मालमत्तेची कायदेशीर पालक ती आपोआप नसते. न्यायालयाने पालक नेमल्याशिवाय आणि परवानगी दिल्याशिवाय अज्ञान मुलाचा स्थावर मालमत्तेतला हिस्सा कुणालाही सोडता किंवा विकता येत नाही. आईने केलेली तशी सही टिकत नाही. म्हणून घरच्यांनी ठरवलं, आठ महिने थांबू, पोरगी अठराची होऊ दे, मग एकदमच सगळे कागद करू.

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सहाव्या महिन्यात दादी वारल्या.

आता लक्ष द्या, कारण इथे मोठमोठ्यांचा हिशेब चुकतो. दादींचा फ्लॅटमधला १६ लाखांचा हिस्सा मुलगा गेला त्याच क्षणी त्यांचा झाला होता. कागदावर नाव चढलं नसलं तरी. त्या वारल्यावर तो हिस्सा त्यांच्या वारसांकडे गेला. त्यांचे वारस कोण? त्यांचा दुसरा मुलगा, म्हणजे या मुलांचे चाचा, आणि त्यांची मुलगी, म्हणजे फूफी. गेलेल्या मुलाची मुलं यात नाहीत. आजी-आजोबांचा एखादा मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना शरियतप्रमाणे वारसा मिळत नाही. म्हणजे ज्या घरात ही तीन मुलं राहत होती, त्या घराचे १० लाख ६७ हजार चाचांचे झाले आणि ५ लाख ३३ हजार फूफींचे. चाचा कुवेतला. नॉमिनेशनच्या फॉर्मवर या दोघांचा मागमूसही नव्हता.

हे टाळता आलं असतं. दादी स्वतः सज्ञान होत्या, हिंडत्या-फिरत्या होत्या आणि त्यांची इच्छा नातवंडांना देण्याचीच होती. धाकटीची सही अडली होती, दादींची नव्हती. त्यांनी आपला हिस्सा त्याच आठवड्यात नोंदणीकृत बक्षीसपत्राने नातवंडांना दिला असता तर प्रश्न उरला नसता. शिवाय ही नातवंडं त्यांची वारस नव्हती, म्हणूनच त्यांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत करायला कुणाची संमतीही लागली नसती. वारसाच्या नावे वसियत करायची तर इतर वारसांची संमती मृत्यूनंतर लागते, बिगर-वारसाला तशी लागत नाही. म्हणून मी आता आमच्या सोसायटीत स्पष्ट सांगतो की ज्याची सही आज होऊ शकते ती आज घ्या, उरलेल्यांची नंतर. सगळे एकदम येण्याची वाट बघू नका, विशेषतः वारसांत वयस्कर माणूस असेल तेव्हा.

पुढे काय झालं? फूफींनी हिस्सा सोडला, एक पैसा न घेता, आणि स्वतः सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात येऊन सही केली. चाचांनी पैसे मागितले. लोक त्यांना बरंच बोलले. मला ते तितकंसं पटलं नाही, हक्क त्यांचा होता आणि त्यांच्याही घरी मुली आहेत. त्यांना कुवेतहून येता येत नव्हतं, म्हणून भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवलं. त्यांना १० लाख ६७ हजार द्यायचे तर घरात होते किती? ठेवीतून चौघांच्या वाट्याला आलेले आठ लाख. ते सगळे गेले आणि वरचे २ लाख ६७ हजार मुलाने पर्सनल लोन काढून भरले. पैसे घेऊन हक्क सोडला की मुद्रांक शुल्कही जास्त बसतं, ते वेगळं.

इथे मी एका गोष्टीवर अडून बसलो. चाचांचा हिस्सा विकत घेताना थोरलीचे आणि धाकटीचे पैसे वापरले गेले होते, म्हणजे तो हिस्सा एकट्या मुलाच्या नावे होता कामा नये. ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात त्याचा वाटा वाढला पाहिजे आणि ते दस्तात लिहिलं पाहिजे. घरात यावर थोडी कुरकुर झाली, "आता भावा-बहिणीत हे काय" असं. पण लिहिलं गेलं. धाकटीच्या अठराव्या वाढदिवसानंतर सोसायटीला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त आणि न्यायालयातून मिळालेला वारस दाखला दिला. हा वारस दाखला महाराष्ट्रात अजून १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो, तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधीचा कायदा. मग मुलाचं तात्पुरतं सदस्यत्व संपलं आणि अम्मी, मुलगा, दोन्ही मुली अशी चार नावं शेअर सर्टिफिकेटवर चढली.

आता आपल्यातल्या अनेकांच्या मनात असलेला दुसरा प्रश्न. मला मुलगा नाही, एकच मुलगी आहे. तिला नॉमिनी केलं तर घर तिचं होईल ना?

नाही होणार. समजा मागे बायको, एक मुलगी आणि एक सख्खा भाऊ आहे आणि फ्लॅट ४८ लाखांचा. बायकोला एक अष्टमांश म्हणजे ६ लाख, एकुलत्या मुलीला निम्मा म्हणजे २४ लाख, आणि उरलेले १८ लाख भावाला. मुलगी नॉमिनी आहे म्हणून सोसायटी तिला तात्पुरती सदस्य करेल, बँक तिला पैसे देईल, पण भावाचा हक्क जसाच्या तसा राहील. नॉमिनेशनने फक्त एवढं होतं की त्याला मागणी बँकेकडे न करता पुतणीकडे करावी लागते.

घर मुलीला आणि बायकोलाच राहावं असं वाटत असेल तर रस्ते जिवंतपणीचे आहेत. पहिला हिबा, म्हणजे बक्षीस. त्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने देतो म्हणणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबाही वैध आहे, पण माझ्या सल्ल्याने तोंडी करू नका. सोसायटी आणि बँक कागद मागतात आणि तोंडी हिबाचे साक्षीदार भांडणाच्या वेळी हटकून परगावी असतात. नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. राहतं घर मुलांना किंवा पती-पत्नीत बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. आणि ताब्याकडे दुर्लक्ष करू नका. कागद मुलीच्या नावाचा आणि सोसायटीचं सदस्यत्व, वीजबिल, करपावती सगळं शेवटपर्यंत वडिलांच्या नावाचं, असं असलं की पुढे भाऊ म्हणतो हिबा झालाच नाही. अर्थात हिबाचा धोकाही सांगतो: तो आज लागू होतो. घर दिलं की दिलं. उतारवयात ज्याच्या डोक्यावर तेवढं एकच छप्पर आहे, त्याने दहादा विचार करावा.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४. आधी निकाह झालेल्या जोडप्यालाही या कायद्याखाली लग्नाची नोंदणी करता येते, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यानंतर त्यांच्या मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. केरळमधले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ ला आपल्या तीन मुलींसाठी हेच केलं, तुम्ही बातमी वाचली असेल. वरच्या उदाहरणात मग बायकोला एक तृतीयांश म्हणजे १६ लाख, मुलीला ३२ लाख आणि भावाला काही नाही. पण एक बाजू झाकू नये. या कायद्यात मुलं असतील तर आईलाही काही मिळत नाही. आधीच्या घरातल्या दादींना शरियतने १६ लाख दिले होते, इथे शून्य मिळालं असतं. त्यावर उपाय असा की या कायद्याखाली एक तृतीयांशाची मर्यादा नसते, आईसाठी मृत्युपत्रात हवं तेवढं ठेवता येतं. ते आठवणीने लिहावं लागतं, एवढंच.

आणि एक गैरसमज. वडील जिवंत असताना मुलींकडून "मला हिस्सा नको" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात. मुस्लिम कायद्यात वडील असेपर्यंत मुलीचा हक्क उत्पन्नच झालेला नसतो, मग ती सोडणार काय? त्या कागदाला किंमत नाही. हक्कसोड होते ती मृत्यूनंतरच.

मग नॉमिनेशन करायचंच नाही का? जरूर करा. नॉमिनी नसेल तर सोसायटी वर्तमानपत्रात नोटीस काढून हरकती मागवते, मोठ्या रकमेसाठी बँक सक्सेशन सर्टिफिकेट मागते, आणि ते मिळेपर्यंत घरात दूध कशाने आणायचं हा प्रश्न असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाची टक्केवारी लिहून. माझं मत असं की ती टक्केवारी शक्यतो वारसाच्या हिश्शाशी जुळती ठेवा, म्हणजे बँकेतून निघालेला पैसा थेट ज्याचा त्याच्या हातात पडेल आणि आईला मुलाकडे किंवा बहिणीला भावाकडे हात पसरावा लागणार नाही. टक्केवारी वेगळी लिहिलीत तरी मालकी बदलत नाही, भांडण मात्र तयार होतं.

शेवटचं, ज्यांच्या घरात नॉमिनी पैसे घेऊन बसलाय त्यांच्यासाठी. बँकेला अर्ज, पत्र, वकिलाची नोटीस पाठवून ती पैसे थांबवेल अशी आशा धरू नका. इतर कुणाच्या दाव्याची नोटीस बँकेवर बंधनकारक नाही असं कायदाच म्हणतो, तिला न्यायालयाचा आदेशच लागतो. पैसे निघायच्या आधी कळलं तर दिवाणी न्यायालयातून मनाई आणा. निघाले असतील तर नॉमिनीविरुद्ध वाटणीचा दावा लावा, बँकेविरुद्ध नाही. फ्लॅटच्या बाबतीत सोसायटीला तुम्ही वारस असल्याचं लेखी कळवा आणि पोच घ्या. सोसायटी मालकी ठरवू शकत नाही आणि तिने ठरवूही नये. पण तुमचं पत्र फाइलला असेल तर नॉमिनी उद्या विकायला निघाल्यावर ना-हरकत देण्याआधी सेक्रेटरीला ते दिसतं. मला तरी दिसतं.

प्रश्न असतील तर घेऊ.